जूनचा रिकामा रकाना

गेल्या नोव्हेंबरात मी एका पालकाला फीची आठवण करून देणारा मेसेज पाठवला. पुढचे तीन दिवस त्यांचा मुलगा शिकवणीला आला नाही. तो मेसेज मी एकूण चार वेळा लिहिला. शेवटी चांगला झाला, पण पहिला गेला तो गेलाच. त्याचीच ही गोष्ट.

वडगावात आमच्या घराच्या सोप्यात मी संध्याकाळी शिकवणी घेते. पाचवी ते आठवीची अकरा मुलं आहेत, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये. माझ्या कॉलेजचा खर्च त्यातूनच निघतो. नोव्हेंबरच्या २० तारखेपर्यंत मला परीक्षेची फी भरायची होती आणि पाच घरांतून पैसे यायचे होते. म्हणजे मीही कुणाची तरी देणेकरी होते आणि त्याच घाईत दुसऱ्यांकडे मागत होते. मागणाऱ्याला घाई असली की भाषा बिघडते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

माझी फीची वही साधी होती. डावीकडे मुलांची नावं, वर महिने आणि मध्ये चौकोन. पैसे आले की त्या महिन्याच्या चौकोनात तारीख आणि रक्कम लिहायची. ११ नोव्हेंबरच्या रात्री साडेदहाला मी वही उघडली. सातवीतल्या एका मुलाच्या ओळीत जूनचा चौकोन रिकामा होता. जुलैत ८ तारखेला ५००, ऑगस्टात १२ तारखेला ५००, सप्टेंबरात ९ तारखेला ५०० आणि ऑक्टोबरात ४ तारखेला ३००. नोव्हेंबर अजून चालू होता, तो मी मोजला नाही. म्हणजे जूनचे ५०० आणि ऑक्टोबरचे २०० राहिले, एकूण ७००. मी लिहिलं:

‘नमस्कार. आपल्या पाल्याची जून महिन्याची पूर्ण फी व ऑक्टोबरचे २०० रु. थकीत आहेत. एकूण ७०० रु. त्वरित भरावेत. अन्यथा पाल्याला क्लासला बसता येणार नाही.’

लिहून झाल्यावर मला बरंच वाटलं. महिने दिले होते, रक्कम दिली होती, ‘नमस्कार’ही होता. तोच मेसेज नावं आणि आकडे बदलून आणखी चौघांना पाठवला आणि झोपले.

सकाळी त्या मुलाच्या आईचं उत्तर आलं होतं. ‘टीचर, जूनची फी दिली नसती तर तुम्ही पाच महिने गप्प बसला असता काय? पावसात येऊन तुमच्या हातात दिली होती. नोट भिजली होती.’

भिजलेली नोट मलाही आठवली. आईनं ती तव्याशेजारी वाळत ठेवली होती. पण वहीत जून रिकामा होता आणि मला वाटलं, वही खोटं कसं बोलेल? मी उत्तरच दिलं नाही. त्या संध्याकाळी मुलगा आला नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी सोप्यात वही पुढ्यात घेऊन बसले होते. आजोबा आले. त्यांचं शहापुरात तीस वर्षं किराणा दुकान होतं. आता दुकान नाही, पण वही दिसली की हात पुढे येतो.

“काय लिहूलीस?” त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी वही पालथी-उलथी केली आणि म्हणाले, “ह्यात जमा आहे. नावे कुठं आहे?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. दुकानाच्या खात्याला दोन बाजू असतात. गिऱ्हाईकाकडून येणं झालं की ते ‘नावे’ लिहायचं, त्यानं पैसे दिले की ‘जमा’. माझ्या वहीत फक्त पैसे कधी आले एवढंच होतं. ते कशाचे आले, हे कुठंच नव्हतं. ८ जुलैला आलेले ५०० मी जुलैच्या चौकोनात लिहिले, कारण ते जुलैत आले. पण त्या घरातून फी महिना संपल्यावर येते. ते पैसे जूनचे होते. तसंच ऑगस्टात आलेले जुलैचे आणि सप्टेंबरात आलेले ऑगस्टचे. ४ ऑक्टोबरला आलेले ३०० होते सप्टेंबरचे.

आजोबांनी वहीच्या मागच्या पानावर मला नवीन खातं मांडायला लावलं. एका बाजूला जून ते ऑक्टोबर, पाच वेळा ५००, म्हणजे २,५०० नावे. दुसऱ्या बाजूला तीन वेळा ५०० आणि एकदा ३००, म्हणजे १,८०० जमा. मग म्हणाले, “आता जुनी बाकी आधी वळती कर.” म्हणजे आलेला प्रत्येक रुपया सगळ्यांत जुन्या महिन्याला लावायचा, तो महिना पुरा झाला की पुढच्या महिन्याला. तसं लावल्यावर जून, जुलै आणि ऑगस्ट पूर्ण झाले. सप्टेंबरचे २०० राहिले आणि ऑक्टोबरचे ५००.

बेरीज पुन्हा ७००.

मी दोनदा तपासलं. रक्कम एका रुपयानंही बदलली नव्हती, बदलले होते ते महिने. मी नुसतं ‘७०० रुपये राहिले आहेत’ असं लिहिलं असतं तर चूक माझ्या वहीतच राहिली असती आणि कदाचित भांडणही झालं नसतं. मग महिने लिहिणंच चूक होतं का? मी आजोबांना तसं विचारलंही. ते म्हणाले, “महिना लिहिलास म्हणून तर चूक सापडली. नुसता आकडा टाकला असतास तर ती बाई मनात म्हणाली असती, ही पोरगी काहीतरी लावते. विचारली नसती आणि विसरलीही नसती.”

त्यावर मी बराच वेळ विचार केला. पालकांच्या डोक्यात बेरीज नसते. त्यांच्या डोक्यात महिने असतात आणि प्रत्येक महिन्याला काहीतरी चिकटलेलं असतं. जूनला भिजलेली नोट, ऑगस्टला गणपतीची खरेदी, ऑक्टोबरला दसरा. महिन्याचं नाव घेतलं की माणूस आपल्या आठवणीशी ताडून बघतो. बरोबर असेल तर मान्य करतो, चूक असेल तर लगेच सांगतो. म्हणून महिना सांगायचा. पण सांगण्याआधी तो आपल्याला खरोखर माहीत असला पाहिजे. रिकामा चौकोन म्हणजे न दिलेला महिना, असं मी धरून चालले होते. पाचांपैकी आणखी दोन घरांना मी असाच चुकीचा जून कळवला होता. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं, एवढंच.

त्याच संध्याकाळी मी मुलाच्या घरी गेले. नवा मेसेज पाठवून जुनी चूक झाकता आली असती, पण ज्या चुकीनं माणूस दुखावला ती शब्दांनी परत घेतल्याशिवाय नवीन हिशेब कुणी वाचत नाही. त्याची आई यंत्रमागावर काम करते. साडी होईल तशी मजुरी मिळते, महिन्याचा ठरलेला पगार नसतो. मी म्हटलं, “काकू, जूनची फी मिळाली होती. चूक माझ्या लिहिण्यात होती.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पैशाचं मेलं राहू दे टीचर. मला मोबाईलवरचं नीट वाचता येत नाही. तुमचा मेसेज त्यानंच वाचून दाखवला. ‘क्लासला बसता येणार नाही’ हे त्यानंच वाचलं.”

हे मला आधी सुचलंच नव्हतं. मी ‘पालकांना’ लिहीत होते, पण फोन मुलाच्या हातात होता. आमच्याकडच्या कितीतरी घरांत घरात एकच फोन आहे आणि मेसेज वाचायचं काम मुलांकडे असतं. त्यानं रात्री साडेदहाला आपल्याच आईला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं की आपल्याला उद्यापासून बसायला मिळणार नाही. मग तो का येईल?

घरी येऊन मी मेसेज पुन्हा लिहायला घेतला. आता दुसरीच चूक केली. इतकी ओशाळले होते की नम्रतेचा पूर आला:

‘आदरणीय पालक, सविनय नमस्कार. आपणांस तसदी देताना अत्यंत संकोच वाटतो. आपल्या सहकार्याबद्दल मी सदैव ऋणी आहे. तथापि काही महिन्यांचे शुल्क अद्याप प्राप्त न झाल्याने, सवडीने व शक्य झाल्यास त्याबाबत विचार व्हावा ही नम्र विनंती.’

आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “छान आहे. पण ह्यात मागितलंस काय?”

खरंच, काहीच मागितलं नव्हतं. ‘काही महिने’ म्हणजे कोणते? ‘सवडीने’ म्हणजे कधी? असा मेसेज वाचून पालकाला एवढंच कळतं की आपल्यावर काहीतरी बाकी आहे. किती आणि कशाची, ते त्यांनाच फोन करून विचारावं लागतं. पैसे देणाऱ्यानंच वर चौकशी करायची, ही कसली नम्रता? पहिल्या मेसेजमध्ये धाक होता. दुसऱ्यात धाक नव्हता, पण माझं काम मी त्यांच्यावर ढकललं होतं.

तिसऱ्यांदा लिहिताना मी एकेक शब्द धरून बसले. ‘थकीत’ काढला. तो वीज बिलाच्या नोटिशीतला शब्द आहे, तो वाचला की माणसाला आधी तोडलेलं कनेक्शन दिसतं. त्याऐवजी ‘राहिलेली’ लिहिलं. अर्थ तोच, पण ह्यात कुणी थकवली असा आरोप नाही. ‘पाल्य’ काढून मुलाचं नाव लिहिलं. पाल्य हा शाळेच्या छापील कागदावर भेटतो, सोप्यात माझ्यासमोर बसतो तो नावाचा मुलगा. ‘त्वरित’ काढून तारीख लिहिली. त्वरित म्हणजे उद्या की पुढच्या आठवड्यात, ते प्रत्येकजण आपापल्या परीनं ठरवतो. ‘२० तारखेपर्यंत’ म्हटलं की दोघांनाही सारखंच कळतं. ‘अन्यथा’ आणि त्यापुढचं सगळं वाक्यच काढलं. मी त्या मुलाला खरंच बाहेर बसवणार होते का? नव्हते. मग जे करणार नाही ते लिहायचं कशाला?

आणखी एक ठरवलं, आधी मिळालेलं सांगायचं आणि मग राहिलेलं. आजोबा गिऱ्हाईकाला खातं वाचून दाखवताना तसंच करायचे. दिलेले पैसे आपल्या खात्यात नीट लागले आहेत हे एकदा दिसलं की माणूस उरलेलं शांतपणे ऐकतो.

चौथ्यांदा लिहिलेला मेसेज असा झाला:

‘नमस्कार काकू. फीचा हिशेब कळवते. मिळालेली फी: जूनची (८ जुलैला), जुलैची (१२ ऑगस्टला), ऑगस्टची (९ सप्टेंबरला). ४ ऑक्टोबरला ३०० मिळाले, ते सप्टेंबरच्या फीत धरले. राहिलेली फी: सप्टेंबरचे २०० आणि ऑक्टोबरचे ५००, एकूण ७००. तुमच्या आठवणीप्रमाणे काही वेगळं असेल तर सांगा, मी वही पुन्हा बघते. २० तारखेपर्यंत जमेल का? एकदम जमत नसेल तर आधी सप्टेंबरचे द्या आणि ऑक्टोबरचे कधी जमतील ते कळवा.’

‘काही वेगळं असेल तर सांगा’ हे वाक्य मी पहिल्यांदा शोभेसाठी लिहिलं होतं. पण एवढी मोठी चूक करून बसल्यावर ते मला मनापासून लिहावंसं वाटलं. मेसेज मी दुपारी पाठवला, रात्री नाही. पाठवण्याआधी एकदा मोठ्यानं वाचला, सातवीतलं पोर वाचेल तसा. कुठं अडखळायला झालं नाही.

पाचांतलं एक घर कन्नड बोलणारं आहे. त्यांच्यासाठी वर्गातल्या मैत्रिणीकडून कन्नडमध्ये लिहून घेतलं. ती म्हणाली, “तुझं ते सगळं नम्र मराठी मला कन्नडमध्ये आणताच आलं नसतं. ह्यात काय, महिने आणि आकडे आहेत.” पुढे एक ‘दयविट्टु’ घातला की झालं. दुसरा मेसेज तिला दिला असता तर तिनं नक्की काय लिहिलं असतं, कोण जाणे.

काकूंचं उत्तर संध्याकाळी आलं, ह्या वेळी आवाजात. “टीचर, सप्टेंबरचं बरोबर आहे. पण ऑक्टोबर पूर्ण कसा? दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही नऊ दिवस क्लास बंद ठेवला होता की.”

मी पुन्हा वही घेऊन बसले. प्रश्न बरोबर होता आणि वहीत त्याचं उत्तर नव्हतं. सुट्टीत फी पूर्ण घ्यायची की कमी, हे मी जूनमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मनात पूर्ण होती, त्यांच्या मनात कमी. मेसेजची भाषा कितीही घासली तरी जे आधी ठरलंच नाही ते मेसेजमध्ये ठरवता येत नाही. तेव्हा वाटलं, लिहावं ‘फी महिन्याची असते, दिवसांची नाही’. बरेच क्लासवाले तसंच घेतात आणि त्यात वावगं नाही. पण ते जूनमध्ये सांगून घेतात.

तीस दिवसांचे ५०० तर नऊ दिवसांचे १५०. मी ऑक्टोबर ३५० धरला. एका घराला कमी करून बाकीच्यांना पूर्ण लावणं बरं दिसत नव्हतं, म्हणून सगळ्या अकरांना तसंच केलं. ज्यांनी पूर्ण भरले होते त्यांचे १५० नोव्हेंबरला वळते केले आणि तसं प्रत्येकाला वेगळं कळवलं. माझे १,६५० रुपये गेले. नेमके त्याच महिन्यात, जेव्हा परीक्षेची फी भरायची होती.

काकूंनी १७ तारखेला सप्टेंबरचे २०० दिले आणि १ डिसेंबरला ऑक्टोबरचे ३५०. मुलगा त्याआधीच यायला लागला होता. पहिल्या दिवशी दारात जरा घुटमळला, मग नेहमीच्या जागी जाऊन बसला. मी फीबद्दल त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यानंही विचारलं नाही.

बाकीच्यांपैकी तिघांनी २० च्या आत दिले. एका घरातून अजून दोन महिने राहिले आहेत. त्यांना मी तीनदा तोच मेसेज पाठवला, महिना वाढेल तसा आकडा बदलून. उत्तर येत नाही. आजोबा म्हणतात, चौथ्यांदा मेसेज करू नकोस, जाऊन ये. मेसेज वाचूनही जे गप्प आहेत त्यांना हिशेब कळलेला आहे, त्यांची अडचण दुसरी आहे. ती विचारायची तर समोर बसून विचारावी लागते. अजून गेले नाही. ह्या रविवारी जाणार आहे.

आता वहीत प्रत्येक मुलाला एक पान आहे. महिना संपला की आधी ‘नावे’ लिहिते, मग पैसे येतील तशी ‘जमा’ आणि जमेपुढे ती कोणत्या महिन्याची तेही. पहिल्या पानावर दोन ओळी आहेत: फी महिना संपल्यावर, पुढच्या १० तारखेपर्यंत. सलग सात दिवसांहून जास्त सुट्टी असेल तर तेवढ्या दिवसांची फी नाही. नवीन मूल आलं की त्याच्या घरी हे आधी सांगते.

माझ्या परीक्षेच्या फीला ६०० कमी पडत होते. ते आजोबांनी दिले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, महिन्याला २०० प्रमाणे फेडायचे ठरलं आणि ते त्यांनी कुठल्याशा जुन्या वहीत माझ्या नावे लिहूनही ठेवले. डिसेंबरात माझ्या डोक्यातून ते गेलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या फीच्या वहीत एक चिठ्ठी सापडली. आजोबांचं तिरपं अक्षर:

‘डिसेंबरचे २०० राहिले. १० तारखेपर्यंत जमेल का? वेगळं काही आठवत असेल तर सांग.’